भरलेले दहा हजार गेले कुठे?

क्रेडिट कार्डावरून दहा हजार रुपये रोख काढले आणि पुढच्या महिन्यात दहा हजार रुपये भरले, तर रोख फिटली असं कुणालाही वाटेल. बँकेच्या हिशेबात ती फिटलेली नसते. भरलेली रक्कम आधी कुठल्या खात्यात जायची, मग कुठल्या, हे बँकेनं अगोदरच ठरवून ठेवलेलं असतं. आपण काय म्हणून पैसे भरले, याला त्यात जागा नसते. रोख उचल त्या रांगेत बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी उभी असते.

एक कल्पित पण नेहमीच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. एका बाईंच्या कार्डावर मागची काही बाकी नाही. बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि भरायची शेवटची तारीख २५. त्यांनी १० जूनला तीस हजारांचा फ्रीज घेतला. २० जूनला अडचण आली म्हणून एटीएममधून कार्डावर दहा हजार काढले. कार्डाचा व्याजदर महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के धरू. खरेदीला आणि रोखीला सध्या एकच दर मानू. भारतातल्या बऱ्याच कार्डांवर तो एकच असतो.

५ जुलैच्या बिलात काय काय येईल? तीस हजारांचा फ्रीज, दहा हजारांची रोख. रोख काढण्याचं शुल्क ५०० रुपये, कारण अडीच टक्के किंवा किमान पाचशे, यांतलं जे जास्त ते, अशी अट सर्रास असते. रोखीला बिनव्याजी मुदत नसते, व्याज काढल्या दिवसापासून सुरू होतं. म्हणून २० जून ते ५ जुलै या पंधरा दिवसांचं व्याज १७३ रुपये. शुल्क आणि व्याज या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी, १२१ रुपये. एकूण बिल ४०,७९४. फ्रीजवर अजून एक पैसाही व्याज नाही, कारण खरेदीची बिनव्याजी मुदत चालू आहे.

कमीत कमी भरायची रक्कम, म्हणजे मिनिमम ड्यू, प्रत्येक बँक आपापल्या सूत्रानं काढते. मुद्दलाचे पाच टक्के अधिक सगळं शुल्क, व्याज आणि कर, हे नेहमीचं सूत्र धरलं तर ती २,७९४ येते. बाईंनी त्यापेक्षा कितीतरी जास्त, पूर्ण दहा हजार, २५ जुलैला भरले. मनात हिशेब सरळ होता: रोख परत केली, आता फ्रीजचे तीस हजार तेवढे राहिले.

बँकेच्या संगणकानं ते दहा हजार असे वाटले. पहिल्यांदा कर, १२१ रुपये. मग शुल्क, ५००. मग व्याज, १७३. असे ७९४ रुपये मुद्दलाला हात न लावता संपले. उरलेले ९,२०६ खरेदीच्या खात्यात गेले आणि फ्रीजची बाकी २०,७९४ झाली. रोखीचे दहा हजार जिथल्या तिथे.

कर, शुल्क, व्याज, मग हप्ते किंवा दुसऱ्या कार्डावरून आणलेली बाकी, मग खरेदी आणि शेवटी रोख, ही क्रमवारी आपल्याकडच्या कार्डांच्या अटींच्या पत्रकात साधारणपणे अशी दिसते. बँकेनुसार एखादी पायरी वरखाली होते. हे पत्रक कार्डासोबत येतं, त्याच्यावर ‘मोस्ट इम्पॉर्टंट टर्म्स अँड कंडिशन्स’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि आतली अक्षरं इतकी बारीक असतात की महत्त्वाचं ते नेमकं काय, हे शोधायला भिंग लागावं.

आता ५ ऑगस्टचं बिल. पूर्ण रक्कम न भरल्यामुळे फ्रीजवरची बिनव्याजी मुदत गेली, आणि तीही मागच्या तारखेपासून गेली. बिलाच्या तारखेपासून नाही, भरायच्या तारखेपासूनही नाही, तर ज्या दिवशी फ्रीज घेतला त्या १० जूनपासून. तीस हजारांवर १० जून ते २५ जुलै, पंचेचाळीस दिवसांचं व्याज १,५५३ रुपये. उरलेल्या २०,७९४ वर पुढच्या अकरा दिवसांचं २६३. न हललेल्या रोखीवर एकतीस दिवसांचं ३५७. एकूण व्याज २,१७३, त्यावर जीएसटी ३९१. दहा हजार भरूनही नवं बिल ३३,३५८ रुपयांचं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण या विषयावर बोलताना ती बहुतेक जण गाळतात. दोन्ही खात्यांचा दर एकच असेल आणि खरेदीवर व्याज लागायला सुरुवात झालेलीच असेल, तर ते ९,२०६ रुपये फ्रीजला गेले काय आणि रोखीला गेले काय, व्याज तेवढंच लागतं. म्हणजे या बाईंचा भुर्दंड रोख शेवटी ठेवल्यामुळे झाला नाही. तो झाला बिनव्याजी मुदत गमावल्यामुळे. क्रमवारीचा फटका कुठे बसतो, ते पाहायला आणखी दोन पायऱ्या उतराव्या लागतात.

पहिली पायरी म्हणजे शुल्क आणि कर रांगेत पुढे असणं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत एक महत्त्वाचा नियम आहे: न भरलेली शुल्कं, आकारण्या आणि कर मुद्दलात मिसळून त्यांच्यावर पुन्हा व्याज लावायचं नाही. ग्राहकाच्या बाजूचा, चांगला नियम. पण त्याच्यासोबत क्रमवारी वाचा म्हणजे गंमत कळेल. ज्या रकमांवर व्याज चढत नाही त्यांना आपले पैसे आधी जातात, आणि ज्या मुद्दलावर ४२ टक्क्यांनी व्याज चढतंय ते मागे थांबतं. शुल्क शेवटी फेडलं तर बँकेचं त्यात थोडं नुकसान आहे, म्हणून ते आधी. दर वेळी रक्कम किरकोळ असते. वरच्या उदाहरणात ७९४ रुपये मुद्दलाला गेले असते तर महिन्याला सत्तावीस-अठ्ठावीस रुपये वाचले असते, बस. मात्र बिल भरायला उशीर करणाऱ्याची गोष्ट वेगळी. भरायची तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाले की उशिराचं शुल्क लागू शकतं. समजा ते हजार रुपये आहे. जीएसटीसह १,१८०. पुढच्या महिन्यात भरलेल्या पैशातले पहिले १,१८० रुपये मागच्या उशिराच्या नावावर जातात, मग व्याज, आणि मुद्दलाच्या वाट्याला जे येतं ते एवढंसं की सहा महिन्यांनी बिल हातात घेऊन माणूस म्हणतो, ‘अहो, दर महिन्याला भरतोय, तरी कमी कसं होत नाही?’

सावकाराच्या वहीतही आधी व्याज आणि मग मुद्दल असंच लिहिलं जायचं, आणि आपल्या कायद्यालाही ते परकं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातली ५९ ते ६१ ही तीन कलमं नेमकी यावरच आहेत. एकाच माणसाची अनेक देणी असतील, तर पैसे देताना हे अमुक देण्यापोटी आहेत असं सांगायचा पहिला हक्क देणाऱ्याचा. त्यानं काही सांगितलं नाही तर घेणारा आपल्या मर्जीनं ते लावू शकतो. दोघंही गप्प राहिले तर सगळ्यात जुनं देणं आधी. कार्डाच्या बाबतीत हा पहिला हक्क कागदावर उरत नाही, कारण कार्ड घेताना ज्या अटी मान्य केल्या त्यांतच क्रमवारी ठरलेली असते, आणि कार्डावरची सगळी बाकी हे एकच खातं मानलं जातं. यूपीआयनं बिल भरताना शेऱ्याच्या जागी ‘रोखीचे पैसे’ असं लिहिलं तर तो शेरा कुणी वाचत नाही. संगणक तर नाहीच नाही.

दुसरी पायरी आहे मिनिमम ड्यू भरत राहण्याची. बाईंनी ठरवलं की ऑगस्टपासून बिलावर छापलेली किमान रक्कम तेवढी भरायची, नवी खरेदी करायची नाही. त्या बिलावर किमान रक्कम येईल ४,१०४ रुपये. त्यातले २,५६४ व्याज आणि कर खातील. उरलेले १,५४० मुद्दलाला, आणि मुद्दलातही आधी फ्रीजला. पुढच्या महिन्यापासून व्याज कमी असेल, कारण ४५ दिवसांचं मागचं ओझं एकदाच यायचं होतं, पण मुद्दलाला जाणारा वाटाही पाच टक्क्यांनी घटत जाईल. या वेगानं फ्रीज पूर्ण फिटून रोखीच्या दहा हजारांतला पहिला रुपया फिटायला सुमारे बावीस महिने लागतात. जूनमध्ये अडचणीला काढलेली रोख जवळजवळ दोन वर्षं होती तशी कार्डावर बसून राहणार. शिवाय कार्डावर रोख काढायची मर्यादा एकूण मर्यादेपेक्षा बरीच कमी असते. त्यातले दहा हजार तोवर अडकलेले. पुन्हा खरी अडचण आली तर एटीएम नकार देईल, आणि बाईंना कळणार नाही की का.

आता दर वेगळे करून पाहा. कार्डावर खरेदीला अडीच टक्के आणि रोखीला साडेतीन, असं धरलं तर चित्र बदलतं. महाग देणं मागे आणि स्वस्त देणं पुढे, अशी रांग झाली. दहा हजारांवर एक टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला १०० रुपये, जीएसटी धरून ११८. तेच पैसे आधी रोखीला लागले असते तर रोख आठव्या महिन्यात संपली असती. खरेदी आधी असल्यामुळे ती बावीस महिने तशीच राहते. मुद्दल तेवढंच फेडलं जातंय, हप्ता चुकलेला नाही, तरी केवळ क्रमामुळे या बाईंच्या खिशातून दोन हजारांहून थोडे जास्त रुपये जातात. दहा हजारांच्या उचलीवर दोन हजार, हा आकडा लहान नाही.

आपल्याकडे खरेदी आणि रोखीचे दर सारखे असले तरी दरांचं हे अंतर दुसऱ्या वाटेनं येतं, ती वाट म्हणजे ईएमआय. लॅपटॉपचे हप्ते पाडून घेतले, वार्षिक सोळा टक्क्यांनी. त्याच कार्डावर किराण्याची, पेट्रोलची बाकी ४२ टक्क्यांनी चढतेय. महिन्याचा हप्ता अख्खाच्या अख्खा मिनिमम ड्यूमध्ये धरला जातो, म्हणून सोळा टक्क्यांचं देणं आधी फिटतं आणि बेचाळीस टक्क्यांचं मागे राहतं. बोनस मिळाला म्हणून जास्त भरले, तर ते पुढच्या हप्त्यांना लागून लॅपटॉप लवकर फिटेल असंही नाही. उरलेले हप्ते एकदम फेडायचे असतील तर बँकेला तसं वेगळं कळवावं लागतं आणि त्याला बऱ्याचदा वेगळं शुल्क असतं. इथे मात्र ग्राहकाचा फायदा आहे: आधी महाग बाकी संपवा, हप्ता चालू द्या.

हा क्रम बदलता येतो, याचा पुरावा अमेरिकेत आहे. तिथे २०१० पर्यंत बहुतेक बँका भरलेली रक्कम सगळ्यात कमी दराच्या बाकीला आधी लावत. दुसऱ्या कार्डावरची बाकी शून्य टक्क्यानं आमच्याकडे आणा, अशी जाहिरात करून ग्राहक ओढायचे, मग तो जे काही भरेल ते त्या शून्य टक्केवाल्या बाकीला लावायचं आणि नव्या खरेदीवर पूर्ण दरानं व्याज चढू द्यायचं. शून्य टक्क्याची सवलत ग्राहक स्वतःच आपल्या पैशानं लवकर संपवत होता. २२ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामांनी कार्ड कायद्यावर सही केली आणि त्यातली ही तरतूद २२ फेब्रुवारी २०१० पासून लागू झाली: किमान रकमेच्या वर जे काही भरलं जाईल ते सर्वांत जास्त दराच्या बाकीला आधी गेलं पाहिजे.

आकड्यांत सांगायचं तर, दोन हजार डॉलर खरेदी १८ टक्क्यांनी आणि एक हजार डॉलर रोख ३० टक्क्यांनी असताना कुणी महिन्याला पाचशे भरत असेल, तर जुन्या पद्धतीत निदान चार महिने ते सगळे खरेदीला जायचे आणि रोखीवर महिन्याला पंचवीस डॉलर व्याज चालू राहायचं. नव्या कायद्यात किमान रक्कम साठ डॉलर धरली, तर उरलेले ४४० थेट रोखीला जातात आणि तिसऱ्या महिन्यात रोख संपते.

पण या कायद्यातली फट लक्षात घ्या. नियम फक्त किमान रकमेच्या वरच्या पैशाला आहे. किमान रक्कम बँकेनं कशाला लावावी, हे तिच्यावरच सोडलं आहे, आणि ती स्वस्त बाकीला लावते. म्हणजे अमेरिकेतसुद्धा जो फक्त मिनिमम भरतो, त्याला या कायद्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलामुलींनी आणि त्यांना कार्ड वापरा म्हणणाऱ्या घरच्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. ब्रिटनमध्येही २०११ च्या सुरुवातीपासून महाग बाकी आधी, असा नियम आला. कॅनडानं मधला मार्ग काढला: महाग बाकीला आधी, किंवा सगळ्या बाकींना त्यांच्या प्रमाणात.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांत अशी सक्ती नाही. किमान रक्कम इतकी तरी असावी की ती भरल्यावर देणं वाढू नये, शुल्कावर व्याज चढू नये, व्याज कसं लागतं हे उदाहरणासह सांगावं, असं बरंच काही त्यांत आहे. महाग देणं आधी, हे नाही. माझ्या मते ते असायला हवं. आज दर सारखे असल्यानं त्याची निकड जाणवत नाही, पण कार्डावर हप्ते घेण्याचं प्रमाण पाहता एकाच बिलात दोन-तीन दर असणं आता नवलाईचं राहिलेलं नाही.

तोवर ग्राहकाच्या हातात काय आहे? क्रम बदलणं नाही, पण क्रमाला हरवणं आहे. रांगेत शेवटी उभ्या असलेल्या रोखीपर्यंत पैसे पोचवायचे तर पुढचं सगळं एकाच वेळी फेडावं लागतं. त्या बाईंनी जुलैत ४०,७९४ पूर्ण भरले असते, तर फ्रीजवर व्याजच लागलं नसतं. तेवढी सोय नव्हती, तर नातेवाइकाकडून हातउसने किंवा सोनं तारण ठेवूनसुद्धा रोख स्वस्त पडली असती. फ्रीज चाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतो, रोख एक दिवसही मिळत नाही. अडचणीत कार्डाचा उपयोग करायचाच, तर औषधांच्या दुकानात किंवा रुग्णालयाच्या काउंटरवर कार्ड वापरावं आणि घरातली रोख हातात ठेवावी. तेच पैसे, तीच अडचण, पण एक खरेदी ठरते आणि दुसरी उचल.

पूर्ण भरल्यावरही पुढच्या बिलात थोडी रक्कम दिसली तर दचकू नका. बिल ५ जुलैला निघालं आणि पैसे २५ ला भरले, तर मधल्या वीस दिवसांचं रोखीवरचं व्याज, वरच्या उदाहरणात २३० रुपये आणि जीएसटी ४१, बिलात अजून आलेलं नसतं. ते ऑगस्टच्या बिलात येतं. बँकेनं चूक केली असं समजून लोक ते भरत नाहीत, तारीख उलटते आणि दोनशे एकाहत्तर रुपयांपायी उशिराचं शुल्क बसतं. रोख घेतली असेल तर बिलावरची रक्कम न पाहता ग्राहक सेवेला फोन करून आजच्या तारखेला खातं पूर्ण बंद करायला किती लागतील, एवढं विचारावं आणि तेवढे भरावेत.

पूर्ण भरणं शक्य नसेल तर पैसे हातात येतील त्या दिवशी भरा, २५ तारखेची वाट पाहू नका, कारण व्याज दिवसाच्या बाकीवर चढतं. आणि बाकी राहिली असताना त्या कार्डावर नवं काही घेऊ नका. मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. दुधाच्या पिशवीवरही घेतल्या दिवसापासून ४२ टक्के लागतात, आणि ती पिशवीही रांगेत रोखीच्या पुढे जाऊन उभी राहते.

तुमच्या कार्डाच्या पत्रकात भरणा कोणत्या क्रमानं लावला जातो ते एकच वाक्यात लिहिलेलं असतं. ते सापडलं नाही, तर बँकेला ईमेल करून लेखी विचारा: पैसे आधी कशाला लागतात, रोखीचा दर किती, हप्त्यांचा दर किती. उत्तर हाती आल्यावर मागची तीन बिलं काढा आणि तुमचे पैसे कुठे गेले ते स्वतः जुळवून पाहा.